सातवीसाठी व्यक्तिचित्रांचा तास: माहिती आधी द्यावी की नंतर?

प्रश्न (मांडवीची ताई): वडोदऱ्यात सातवीला चित्रकला शिकवते. एक मुघल आणि एक इंग्रज व्यक्तिचित्र शेजारी ठेवून 'काय दिसतं' आणि 'कशावरून' एवढंच लिहून घेणार आहे. चित्रांची माहिती आधी द्यावी का?

रावपुरा काका: आधीच द्या. नाहीतर मुघल चेहरे बाजूने काढलेले बघून मुलं सरळ म्हणतात, समोरून काढता येत नव्हतं. मी इतिहास शिकवायचो, हे उत्तर दरवर्षी यायचं.

सुरसागर: काका, त्या उत्तरासाठीच माहिती मागे ठेवावी. बिचित्रने 1615 ते 1618 च्या सुमारास काढलेलं जहांगीराचं चित्र घ्या. बादशहा वाळूच्या घड्याळावर बसून एका सूफी शेखाला ग्रंथ देतोय, खाली इंग्लंडचा राजा जेम्स उभा आहे. बादशहाचा चेहरा पूर्ण बाजूने, जेम्सचा मात्र आपल्याकडे वळलेला. म्हणजे 'जमत नव्हतं' हे चित्रच खोडून काढतं, आपण सांगायची गरज नाही. प्रिंट मोठी आणि रंगीत हवी. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये बादशहामागचं सूर्यचंद्राचं तेजोवलय नुसता डाग दिसतो.

रावपुरा काका: पण जेम्सचा चेहरा इंग्रजी चित्रावरून उतरवलेला आहे. नक्कल करता आली म्हणजे स्वतःहून जमत होतं असं नाही.

सुरसागर: हे बरोबर. त्या चेहऱ्यावरून एवढंच म्हणता येतं की असा चेहरा या हाताला काढता आला. बादशहाला बाजूनेच का दाखवलं, हे एका चित्रातून कळणार नाही. म्हणून ताई, एकेक चित्र पुरणार नाही, दोन्हीकडची दोन-दोन ठेवा. दुसऱ्या मुघल चित्रातही बादशहा बाजूनेच दिसला, तर ती त्या माणसाची लकब नसून रीत असावी, असं मुलं स्वतः म्हणतील.

अलकापुरी: माझ्या मुलीला चेहऱ्याचं शेडिंग जमत नाही. या तासात ते येईल का?

मांडवीची ताई: नाही हो, इथे पेन्सिल फक्त लिहायला. पण चार चित्रं पस्तीस मिनिटांत? मागे दोनच दाखवली, तरी निम्म्या मुलांनी 'दिसतं' खाली 'राजा गर्विष्ठ आहे' लिहिलं.

सुरसागर: त्या मुलाला म्हणा, गर्व दिसतो तिथे बोट ठेव. तो हनुवटीवर ठेवेल. मग 'हनुवटी वर उचललेली' हे 'दिसतं'मध्ये आणि 'गर्विष्ठ' हे 'वाटतं'मध्ये. तिसरा रकाना लागेलच. वेळ कमी असेल तर एक तास फक्त मुघल जोडीला द्या, इंग्रज दुसऱ्या दिवशी.

रावपुरा काका: आणि फत्तेसिंह संग्रहालयातली रविवर्म्याची तैलचित्रं विसरू नका. ती बघितली की 'भारतीय म्हणजे बाजूचा चेहरा' हा नियम मुलं मांडणार नाहीत. माहिती आधी द्यावी, हे माझं मत मात्र कायम आहे. तेजोवलय बघून मुलं बादशहाला देव समजली, तर ते खोडायला चित्रात काय आहे?

मांडवीची ताई: याला माझ्याकडे उत्तर नाही. मुघल जोडी आधी लावते, मुलं वलयाबद्दल काय लिहितात ते इथे टाकते.