लायबल, स्लँडर आणि आपली ‘अब्रुनुकसानी’

नेरूळची अनुवादक: एका नोटिशीचा मराठी अनुवाद करते आहे. इथल्या एक बाई घरून पोळीभाजीचे डबे देतात. डब्यात झुरळ निघालं, अशी खोटी पोस्ट एकाने १४ जानेवारीला फेसबुकवर टाकली. २० तारखेला तेच तो भाजीवाल्यापाशी चारचौघांत बोलला. मसुद्यात पोस्टला ‘लायबल’ आणि बोलण्याला ‘स्लँडर’ म्हटलंय. माझ्याकडे दोन्हींना ‘अब्रुनुकसानी’ एवढा एकच शब्द आहे. दोन्हीकडे तोच ठेवू का?

घणसोलीकर: ठेवा की. तोंडी बोलण्याला कायदा विचारतच नाही, पुरावा कुठला आणणार? आणि ऑनलाइन असेल तर आयटी कायद्याचं कलम ६६अ लागतं.

खारकर आळी: ‘बदनामी’ घ्या. अब्रू हा फारसी शब्द, मूळ अर्थ भुवई.

नौपाडा: काका, भुवईचा अब्रू वेगळा. आपली अब्रू आली ‘आबरू’वरून. आब म्हणजे पाणी, तेज आणि रू म्हणजे चेहरा. मराठीत आ आखूड झाला आणि दोन शब्द सारखे दिसू लागले. लायबलच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘छोटं पुस्तक’ आहे, तर स्लँडर हे ‘स्कँडल’चं भावंड. एक कागदावरचं, एक तोंडातलं, हा फरक मात्र शब्दांच्या जन्मापासूनचा नाही, तो पुढे इंग्लंडच्या कायद्यात पडला.

कोर्ट नाका: मी ठाण्याच्या कोर्टात वकिली करते. घणसोलीकर, ६६अ सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं. फौजदारीत बोललेलं आणि लिहिलेलं एकाच कलमात येतं. आधी ते दंड संहितेचं ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. दोन्हींना शिक्षाही एकच, दोन वर्षांपर्यंत कैद. तिथे ‘अब्रुनुकसानी’ एकच शब्द पुरतो.

पण ताई, तुमची नोटीस भरपाईची दिसते, म्हणून शब्द एक करू नका. इंग्लंडमध्ये तोंडी बदनामीसाठी सहसा पैशाचं प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागतं, लेखीसाठी नाही. आपल्या बहुतेक न्यायालयांनी ही अट स्वीकारली नाही. तरी १९६३ च्या मुदत कायद्यात दोन नोंदी अजून वेगवेगळ्या आहेत. दोन्हींना मुदत एक वर्षाचीच, पण वर्ष कधी सुरू होतं ते बघा. पोस्टचं वर्ष ती प्रसिद्ध झाल्यापासून, म्हणजे १४ जानेवारीपासून. बोलण्याचं वर्ष बोलल्या दिवसापासून. मात्र नुसत्या शब्दांवर दावा उभा राहत नसेल, तर नुकसान झालं त्या दिवसापासून.

नेरूळची अनुवादक: एका ऑफिसने बावीस डबे एप्रिलमध्ये बंद केले. मग वर्ष एप्रिलपासून?

कोर्ट नाका: त्यावर विसंबू नका. डबे देणारीच्या अन्नात झुरळ म्हणणं हा थेट तिच्या धंद्यावर घाला आहे. अशा बोलण्याला इंग्लंडातही नुकसानीची अट नाही. त्यामुळे समोरचा वकील २० जानेवारीच धरेल, तुम्हीही तीच धरा. आणि पोस्ट अजून दिसते म्हणून रोज नवं वर्ष सुरू होतं, असंही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेसबुकच्याच एका प्रकरणात ते नाकारलं.

खारकर आळी: मी सोसायटीचा खजिनदार असताना एकाने मला जिन्यात चोर म्हटलं. पोलिसांनी नुसती एनसी घेतली. हे स्लँडरच ना?

कोर्ट नाका: काका, तेव्हा तिथे अजून कोणी होतं?

खारकर आळी: नाही. आम्ही दोघंच.

कोर्ट नाका: मग तो अपमान झाला, अब्रुनुकसानी नाही. तिसऱ्याच्या कानावर जायला हवं. आणि अब्रुनुकसानीतही पोलीस एनसीच घेतात, तक्रार स्वतः मॅजिस्ट्रेटकडे करावी लागते.

घणसोलीकरांचा पुराव्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. बोलल्याचा पुरावा म्हणजे ऐकणारा माणूस. नेमके शब्द काय, कुणासमोर, कधी, हे त्याने साक्षीत सांगायला हवं. ‘असं काहीतरी म्हणाला’ उलटतपासणीत टिकत नाही. शेजारी कोर्टात यायला कचरतात आणि दावा तिथेच ढिला पडतो. पोस्टचा स्क्रीनशॉट हातात असतो, पण त्यासोबत नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर पहिली हरकत त्यावरच येते. पोस्टची लिंक आणि तारीख आजच जपून ठेवा, तो कधीही डिलीट करेल.

नेरूळची अनुवादक: मग ‘लेखी अब्रुनुकसानी’ आणि ‘तोंडी अब्रुनुकसानी’ लिहिते. पण त्याने व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोटही पाठवली आहे. ती कशात घालू?

नौपाडा: बोलणंच आहे, तोंडी.

कोर्ट नाका: मी लेखीच्या बाजूला ठेवेन. हवेत विरलं नाही, साठून राहिलं, पुन्हा वाजवता येतं. फरकाचं मूळ तेच आहे.

नौपाडा: मग ‘लेखी’ हा शब्दच चुकला ना, वकीलबाई. त्यात लिहिलेलं काहीच नाही.

कोर्ट नाका: हे मान्य. ‘टिकाऊ स्वरूपातली’ म्हणता येईल, पण नोटिशीत ते फार जड वाटतं. ताई, व्हॉइस नोटचा परिच्छेद वेगळा करा. त्यात कोणतंच विशेषण न लावता नुसतं ‘अब्रुनुकसानी’ लिहा.