मदत हवी आहे: भावाला ओसीडी, व्यायाम करूनही भीती कमी होत नाही

वावरवाली: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. लहान भाऊ 24 वर्षांचा. पऱ्हाटीवर फवारणी केल्यापासून त्याच्या मनात एकच येतं: औषध हाताला राहिलं आणि आमच्या छकुलीच्या पोटात गेलं तर? दोन दिवसांत साबणाची वडी संपते. पोरीला उचलणं बंद. आईला सारखं विचारतो, "लागलं नाही ना?" डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायाम सांगितला: कोठ्याच्या दाराची कडी धरायची, मग तासभर हात धुवायचे नाहीत. आठवडा झाला, भीती 100 पैकी 80च म्हणतो. चुकतंय काय?

गजू_पाटील: ताई, हात फुटले असतील तर खोबरेल तेल लावा. साबण बदला.

वावरवाली: दादा, कातडीचा प्रश्न नाही हो.

मनमोकळा: त्या तासात मोबाइल द्या, भजन लावा. मन दुसरीकडे गेलं की झालं.

वर्धेकर_समुपदेशक: कडी धरायला लावता ते बरोबर, पण भजन नको. लक्ष उडवणं हेही त्याच्यासाठी एक प्रकारचं हात धुणंच होतं. ताई, तो तास नीट पाहा: हात पँटला पुसतो का? मनात काही मोजतो का?

वावरवाली: पुसतो! आणि आई दर पाच मिनिटांनी म्हणते, "काही नाही झालं रे."

वर्धेकर_समुपदेशक: तिथंच अडलंय. धुतलं, पुसलं किंवा आईनं धीर दिला की क्षणभर हायसं वाटतं, आणि मेंदू धरून बसतो की पोरगी त्यामुळेच वाचली. पुढच्या वेळी शंका आणखी जोरात येते. काहीही न करता तो त्या भीतीसोबत बसला तरच "न धुताही निभलं" हे त्याला कळेल. भीती त्याच तासात उतरलीच पाहिजे असं नाही. आईनं एवढंच म्हणावं: "याचं उत्तर मी देणार नाही." हे आधी भावाशी ठरवा, अचानक नको. कडी सोपी झाली की त्याच हातानं छकुलीचा झगा, मग छकुली.

अमरावतीकर: मले हेच होतं, कुलूप तपासाचं. गोळ्यांनी दोन-अडीच महिन्यांनी फरक पडला. पण थेट औषधाची बाटलीच हातात दिली तर लवकर नाही सुटणार?

वर्धेकर_समुपदेशक: अजिबात नाही! ते खरं विष आहे. फवारणीनंतर साबणानं एकदा हात धुणं हा ओसीडी नाही, ते सोडायचं नाही. व्यायाम त्या कोरड्या कडीचा, जी घरातले सगळे रोज धरतात. आणि पायऱ्या डॉक्टरांना विचारूनच वाढवा. लांब पडत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, 14416 ला, मराठीत बोलता येतं.

वावरवाली: आज पुसू दिलं नाही. पहिली वीस मिनिटं 90, तास संपता संपता 65. आईच्या तोंडून मात्र एकदा निसटलंच. ती म्हणते, "लेकरू तडफडते, मी गप्प कशी बसू?" तिला काय सांगू?