मदत हवी आहे: मायग्रेनमुळे सकाळी उशीर होतो, साहेबांना कसं सांगू?

ओटीवरची
पटकन सांगा प्लीज, उद्या संध्याकाळी बोलायचं ठरवलंय. मला मायग्रेन आहे. डॉक्टर झाले, औषध चालू आहे. तरी महिन्यातून काही वेळा सकाळी कामावर उशीर होतो. साहेबांना एकदाचं सांगून टाकायचंय आणि सोबत एक साधा प्लॅनही द्यायचाय. मेल करू की तोंडी बोलू? काय लिहू? औषधं सुचवू नका, ते झालंय.

आगळवाला
ताई, हे पित्त आहे. माझ्या बायकोला अगदी हेच होतं. रात्री जेवण लवकर, सकाळी उपाशीपोटी चहा बंद आणि दुपारी कोकमाचं सार. चार महिने झाले, डोकं म्हणून दुखलं नाही.

ओटीवरची
वर लिहिलंय ना काका, औषधं सुचवू नका म्हणून.

आगळवाला
सार हे औषध कधीपासून झालं?

देवरुखकर
"काही वेळा" म्हणजे किती? उशीर म्हणजे अर्धा तास की दुपार होते? आणि काम काय करता? फॅक्टरीतली शिफ्ट आणि शाळेतली पहिली घंटा यांचं उत्तर एक नाही.

ओटीवरची
पतसंस्थेच्या शाखेत. महिन्यातून दोन-तीनदा. कधी तास, कधी जास्त.

निवृत्त_शाखाधिकारी
बाई, तुम्ही क्लार्क आहात की कॅशियर? कॅशियर असाल तर तिजोरीची एक चावी तुमच्याकडे असणार.

ओटीवरची
हो, कॅशियर. एक चावी माझ्याकडे, एक साहेबांकडे. ते सगळीकडे तसंच असतं ना?

निवृत्त_शाखाधिकारी
तेच तर विचारत होतो! मग हा तुमच्या उशिराचा प्रश्न नाही, तिजोरीचा आहे. तुम्ही आल्याशिवाय रोकड बाहेर निघत नाही, आणि काउंटरला म्हातारेकोतारे पासबुक घेऊन उभे. साहेबांच्या डोक्यात तुमच्या डोकेदुखीच्या आधी हे चित्र येणार. प्लॅनमध्ये चावीचं उत्तर नसेल तर बाकीचं कितीही चांगलं लिहा, ते वाचणार नाहीत.

लोटेची_एचआर
मी कारखान्यात एचआर बघते, म्हणून आणखी एक विचारते. आजवर उशीर झाला तेव्हा काय सांगितलंत?

ओटीवरची
एसटी चुकली. एकदा गाडी पंक्चर. एकदा आईची तब्येत.

लोटेची_एचआर
हे आधी लिहायला हवं होतं. साहेब कुठून येतात?

ओटीवरची
त्याच एसटीने, दोन स्टॉप पुढून. 🙈

रापण
हाहाहा. म्हणजे साहेब डब्यात बसलेले आणि तुमचा डबा चुकलेला.
आमच्याकडे सकाळची गाडी गेले आठ दिवस येतच नाहीये, डेपोत फोन केला तर उचलत नाहीत. कुणाला काही कळलं का?

लोटेची_एचआर
एसटीचा धागा वेगळा काढा. ओटीवरची, त्यांना कळलेलं आहे असंच धरून चला. सुरुवात तिथूनच करा, पण एका वाक्यात: "साहेब, मागे मी एसटीचं कारण दिलं, खरं कारण मायग्रेन होतं, सांगायला संकोच वाटला." बस. जास्त माफी मागत बसलात तर बोलणं तिथेच अडकेल. आणि तोंडीच बोला, रोकड जुळल्यावर, काउंटरसमोर नाही. त्याच रात्री चार ओळींचा मेल टाका, म्हणजे नोंद राहील.

हक्काचं_बोला
एवढं नमतं कशाला? अपंग व्यक्तींच्या कायद्यात बसवून घ्या, सर्टिफिकेट काढा. मग उशिराबद्दल कुणी ब्र काढणार नाही.

देवरुखकर
2016 च्या त्या कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत, त्यात मायग्रेन नाही. त्या आशेवर साहेबांशी ताठ बोलायला लावू नका.

हक्काचं_बोला
यादी वाढवायला हवी, एवढंच म्हणतो.

देवरुखकर
ते तुम्ही आधी म्हणाला नव्हतात.

लोटेची_एचआर
डॉक्टरांची चिठ्ठी मात्र जवळ ठेवा. त्यात औषधांची नावं नकोत. वारंवार मायग्रेन, उपचार सुरू, अटॅकच्या दिवशी काही तास विश्रांती लागते, इतकं पुरे. तुमचे तारीखवार आकडे आहेत का?

ओटीवरची
डॉक्टरांनी वही ठेवायला लावलीये. जूनमध्ये 3, जुलैमध्ये 2, ऑगस्टमध्ये आतापर्यंत 3. आठपैकी दोन दिवस गेलेच नाही. उरलेल्या सहांत सर्वात कमी उशीर 40 मिनिटं, सर्वात जास्त अडीच तास. बहुतेक वेळा पहाटे पाचच्या सुमाराला दुखण्यानेच जाग येते. गोळी घेऊन अंधारात पडते. साडेसातपर्यंत मला कळतं, उठता येणार की नाही ते.

सिस्टर_रत्नागिरी
मग साडेसात हीच तुमची मेसेजची वेळ. एक विचारते, सल्ला नाही देत. गोळी महिन्यातून किती दिवस घेता? त्या आठ दिवसांखेरीज "आज येईलसं वाटतंय" म्हणूनही घेत असाल तर तेही वहीत लिहा. ट्रिप्टान जातीची गोळी महिन्यात दहा दिवस किंवा त्याहून जास्त व्हायला लागली की गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मग उशीर वाढतील आणि साहेबांना दिलेला आकडा खोटा पडेल.

ओटीवरची
सहा-सात दिवस होतात. लिहीन.

मालवणी_मामी
अगो बाय, माका पण ह्योच तरास. उन्हातसून इलंय की झालाच. मी डोक्याक फडको बांधून निजतंय. साहेबाक सांग, बाईमाणसाक होताच असा.

लोटेची_एचआर
मामी, हे नका सांगायला लावू तिला! पुढच्या वेळी कॅशियरच्या जागेवर बाईच नको म्हणतील.

ओटीवरची
चावीचं काय करू? भाऊ बाइकने नेऊन देईल. पंधरा मिनिटांचं अंतर आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
अजिबात नाही. चावी घरच्या माणसाच्या हातात गेली आणि उद्या शंभर रुपये कमी भरले, तर मायग्रेन कुणी ऐकणार नाही. सीलबंद डुप्लिकेट चावी मागवणं हाही रोजचा उपाय नव्हे, ती हरवाहरवीसाठी असते.
मी असतो तर पर्यायी चावीधारक मागितला असता. शाखेतल्या एका सीनियर क्लार्कच्या नावे लेखी ऑर्डर. तुमचा मेसेज आला की तो येताना तुमच्या दारातून चावी घेईल, घेतल्याची वेळ आणि सही दोघांची. शाखेत पोचला की चावी रजिस्टरला नोंद. तुम्ही आलात की रोकड मोजून ताबा परत, पुन्हा नोंद. मोजल्याशिवाय गल्ल्याला हात लावायचा नाही, दोन हजारांचा फरक दोघांत कुणाचा हे नंतर ठरत नाही.

देवरुखकर
त्यापेक्षा चावी कायमचीच त्या क्लार्ककडे द्या ना.

निवृत्त_शाखाधिकारी
संध्याकाळी रोकड आत ठेवायलाही चावी लागते. पिग्मी एजंटांचा भरणा संपेपर्यंत तो रोज थांबेल का? महिन्यातल्या तीन सकाळींसाठी त्याच्या पंचवीस संध्याकाळी मागताय.

ओटीवरची
क्लार्क माझ्याच वाटेवरून येतात. असं लिहिलंय, बघा:

"साहेब, मला मायग्रेनचा त्रास आहे, उपचार सुरू आहेत. महिन्यातून दोन-तीन सकाळी उशीर होऊ शकतो. त्या दिवशी 7.30 च्या आत तुम्हाला मेसेज करीन, दोनपैकी एकच: 'आज 11.30 पर्यंत येते' किंवा 'आज रजा'. चावीसाठी पर्यायी चावीधारकाची लेखी ऑर्डर मिळावी, ताबा दोन्ही वेळा सहीने. गेलेला वेळ त्याच आठवड्यात पिग्मीच्या भरण्याला थांबून भरून देईन. दोन महिन्यांनी वही घेऊन पुन्हा बसू."

लोटेची_एचआर
छान. 11.30 च का?

ओटीवरची
अडीच तासांत आजवर आलेच आहे. 9.15 ला तिजोरी उघडते, म्हणजे 11.45. तर 12 लिहिते.

लोटेची_एचआर
12 लिहा. 11 ला पोचलात तर कुणी रागवत नाही. आणि गणपतीच्या आधीच बोला. चाकरमानी उतरले की काउंटरला श्वास घ्यायला मिळत नाही.

ओटीवरची
बोलले. एसटीचं म्हटल्यावर साहेब हसले, "मला वाटलं दुसरीकडे नोकरी बघतेयस." मेसेज आणि वेळ भरून देणं मान्य. ऑर्डर मात्र मुख्य कार्यालयातून यायला हवी, ते विचारून सांगतो म्हणाले. तोवर उशीर झाला तर साहेब स्वतः दारात येऊन चावी नेणार आणि सही करणार. आई म्हणते, साहेब येणार तर घर आवरायला हवं.

निवृत्त_शाखाधिकारी
साहेबांच्या हातात दोन्ही चाव्या? हे दोन चाव्यांच्या मुळावरच आलं. ऑर्डरसाठी आठवड्याने आठवण करा, लेखी.

रापण
गाडीचं कुणी सांगितलंच नाही.