वयाचा वाद: दाखला खरा की जुन्या स्पर्धेचं प्रमाणपत्र?

मैदानकर: आमच्या तालुक्यातल्या एका खेळाडूच्या वयावर आक्षेप आलाय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्म मार्च २००२. पण २०११-१२ च्या तालुका खो-खो स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर 'इयत्ता सातवी' लिहिलंय. माझं मत: जुना कागद खरा धरा आणि पदकं काढून घ्या. तुम्हाला काय वाटतं?

जुना_लिपिक: पदकांचं नंतर बघू, आधी हिशोब करा. २०११-१२ ला सातवीत म्हणजे २००५-०६ ला पहिलीत. मार्च २००२ चा जन्म असेल तर जून २००५ मध्ये पोरगं सव्वातीन वर्षांचं होतं. तेव्हा पाच-सहा वर्षांचं झाल्याशिवाय पहिलीत सहसा कोणी घेत नव्हतं. मधे एखादं वर्ष नापास झाला असेल, तर पहिली आणखी आधी सुरू झाली असणार आणि फरक वाढेल. म्हणजे गडबड नक्की आहे, पण कुठल्या कागदात, ते यावरून कळत नाही. ते प्रमाणपत्र त्याच नावाच्या दुसऱ्या मुलाचं असू शकतं. त्या स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर आईचं नाव असतं, ते जुळवा.

आणि दाखल्यावर विसंबू नका. तो शेवटच्या शाळेने दिलेला असतो. त्यावर 'यापूर्वीची शाळा' असा रकाना असतो, तो धरून मागे मागे जा आणि पहिलीच्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडायला लावा. पोरगं खेळाडू होणार हे कुणाच्या गावीही नव्हतं, तेव्हाची ती नोंद. खाडाखोड, वेगळी शाई, सही नसलेली दुरुस्ती तिथेच सापडते. स्पर्धेच्या अर्जावरची तारीख बहुतेक वेळा शाळेच्या बोनाफाईडवरून उतरवलेली असते. त्यामुळे चार कागद जुळले तरी पुरावा एकच असू शकतो.

फास्टबोलर९९: एवढा खटाटोप कशाला? मनगटाचा एक्स-रे काढा, विषय संपला. बीसीसीआय तेच करते.

जुना_लिपिक: १६ वर्षांखालच्या मुलांसाठी करते, बरोबर. पण ती चाचणी हाडांची वाढ सांगते, जन्मतारीख नाही. सतराच्या आसपास वाढ पूर्ण झाली की एक्स-रेत वीस आणि तेवीस सारखेच दिसतात. हा मुलगा आता विशीच्या पुढे आहे.

सुमनताई_लातूर: माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे, काकांचीही १ जून! गुरुजींनी अंदाजाने लिहिली. वडिलांच्या पेन्शनच्या वेळी फार त्रास झाला. ती कशी बदलायची, कुणी सांगेल का?

वकील_साहेब: ताई, तो वेगळा विषय आहे, पण तुमचं उदाहरण इथे फार कामाचं आहे. जुनी नोंद म्हणजे खरी नोंद, हे लिपिककाकांचं गृहीतक मला मान्य नाही. १९८८ मध्ये बिराड मल सिंघवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शाळेच्या रजिस्टरातली तारीख कुणी आणि कशाच्या आधारावर सांगितली हे सिद्ध झाल्याशिवाय त्या नोंदीला फारसं वजन नाही. रजिस्टर उघडल्यावर मला हवंय ते हे: ती माहिती कुणी दिली?

जुना_लिपिक: मान्य. पण साहेब, १ जूनवाल्यांत मुलाला पहिलीत बसवायला वय वाढवून सांगायचे. खेळात कमी केलेलं असतं. चूक कुठल्या दिशेने आहे त्यावरून हेतू दिसतो.

वकील_साहेब: दिसतो, पण शिक्षा द्यायला तेवढं पुरत नाही.

ब्रॉन्क्सचा_पाहुणा: २००१ चं डॅनी अल्मॉन्टेचं प्रकरण बघा. अमेरिकेतली लिटल लीग बेसबॉल, वयोमर्यादा १२. पोराने एका सामन्यात सोळा जणांना बाद केलं आणि सगळे थक्क झाले. एक जन्मनोंद ७ एप्रिल १९८९ ची, दुसरी ७ एप्रिल १९८७ ची, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या मोकाची. सरकारी चौकशीत १९८७ ची खरी ठरली, म्हणजे पोरगा १४ वर्षांचा. त्यातच शाळेच्या नोंदींवरून कळलं की जून २००१ पर्यंत तो तिकडच्याच शाळेत होता, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या संघात खेळायलाही अपात्र. संघाचे विजय रद्द झाले, वडिलांवर कायमची बंदी आली. मुलावर मात्र ठपका ठेवला नाही. मला ते योग्य वाटतं. दुसरीतल्या पोराने तारीख बदलून घेतली, असं कोण म्हणेल?

मैदानकर: पण ज्या मुलाची जागा गेली त्याचं काय? त्याला खेळायला मिळालं नाही, ते वर्ष परत येत नाही. बीसीसीआयने २०१९ मध्ये रसिख सलामवर जन्मदाखला सदोष निघाल्यावर दोन वर्षांची बंदी घातली, तेव्हा तो मुंबई इंडियन्सकडून खेळून झाला होता. बंदी हवीच.

वकील_साहेब: त्याच मंडळाने २०२० मध्ये स्वतःहून कबुली देणाऱ्यांना माफीही दिली होती. आणि जन्माची नोंद दोन वर्षांहून उशिरा झाली असेल, तर १९ वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये किती वर्षं खेळायचं यावर मर्यादा घातली. खोटेपणा सिद्ध न करताही नुकसान आवरायचा हा मार्ग मला बंदीपेक्षा बरा वाटतो.

मैदानकर: खरोखर उशिरा नोंद झालेल्या गरीब पोराला त्याची झळ बसते त्याचं काय? असो. उद्या पहिलीच्या शाळेत अर्ज देतो. रजिस्टर दाखवतील का, काका?

जुना_लिपिक: तुम्हाला नाही दाखवणार, दुसऱ्याच्या मुलाची माहिती आहे. संघटनेला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पडताळणी मागायला सांगा आणि पानाची साक्षांकित प्रत मागवा. नुसतं 'नोंद बरोबर आहे' असं पत्र घेऊ नका.