प्रतिसाद: शेंगा चटणीच्या रीलची सुरुवात

“‘नमस्कार, आज आपण पाहणार आहोत सोलापुरी शेंगा चटणी’ म्हणते, लोक लगेच पुढं सरकवतात. काय बोलू?”

ताई, नमस्कार काढाच, त्यात पहिले दोन-तीन सेकंद जातात आणि ‘पाहणार आहोत’ असं स्वयंपाकघरात कोण बोलतं? शेजारणीला चटणीत काय चुकतं ते सांगा, फोनवर रेकॉर्ड करा आणि त्यातलंच वाक्य उचला, म्हणजे “चटणी कोरडी होतीय? मिक्सर सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा.” हे बोलताना मुठीत चटणी दाबून बोटांना सुटलेलं तेल जवळून दाखवा. एका दमात वाक्य संपलं नाही तर ‘थांबून थांबून फिरवा’ पुढच्या शॉटला न्या, पण तिथं ते करून दाखवाच, नाहीतर बघणारा चिडतो.