मंजूर रजेवर असताना "लगेच या" असा निरोप आला, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत?

भोसरीची खतावणी
मी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचे हिशेब बघते. वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी १५ ते २२ अशी रजा महिनाभर आधी मंजूर करून घेतली होती. १७ ला दुपारी गुहागरला वड्यांचं पीठ मळत होते, तेवढ्यात साहेबांचा फोन. माझ्या जागी बसवलेल्या मुलाला डेंग्यू झालाय, २० ला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचंय, उद्याच निघा.

फोनवर हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. "साहेब, एसटी बघून तासाभरात लिहून कळवते," एवढंच. त्या तासात नक्की अडलंय काय ते आठवून बघितलं. विक्रीचं रिटर्न ११ लाच गेलं होतं. ओटीपी साहेबांच्याच मोबाइलवर येतो. राहिलं होतं ते खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या २बी यादीशी ताडून बघणं. बिलं कागदी, कपाटात. म्हणजे जावं तर लागणार, पण उद्याच असं नाही. मग मेल केला:

"नमस्कार साहेब. अडचण लक्षात आली. उद्या १८ ला वडिलांचं वर्षश्राद्ध आहे, ते सोडून निघता येणार नाही. १९ ला सकाळच्या एसटीने निघते, २० ला नऊ वाजता कामावर हजर होऊन त्याच दिवशी रिटर्न भरून देते. तोवर कपाटातली खरेदीची बिलं कुणी पुरवठादारवार लावून ठेवली तर माझे दोन तास वाचतील. २० ते २२ ची रजा खात्यावर परत जमा व्हावी आणि बदललेल्या तिकिटाचा खर्च मिळावा, ही विनंती. आरक्षण करायचं असल्याने आज संध्याकाळपर्यंत कळवाल का?"

उत्तर आलं, "चालेल." त्या एका शब्दात रजा आणि तिकीट दोन्ही आलं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिली नाही. उशीर झाला तर रोजचे ५० रुपये आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, एवढंच होणार होतं. पण रजेवरच्या माणसाने मालकाला हा हिशेब ऐकवायचा म्हणजे 'तुमची घाई खोटी' असं तोंडावर म्हणण्यासारखं.

तुमचे अनुभव लिहा. "सरळ नाही म्हणा" नको, ते सगळ्यांना येतं.

वाकडचा वाकडा
सरळ नाही म्हणा :) एकदा मंजूर झालेली रजा मालकाला मागे घेताच येत नाही. दुकाने आणि आस्थापना कायदा वाचा.

पेन्शनर, सहकारनगर
वाचलाय. २०१७ च्या त्या कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, पगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. रजेवरून बोलावूच नये, असं कलम मला त्यात दिसलं नाही. शिवाय ताईंचं वर्कशॉप कारखान्यात मोडत असेल तर त्याला कायदा वेगळा. खाजगीत आधी नेमणूकपत्र काढून बघावं, "कामाच्या गरजेनुसार रजा रद्द होऊ शकते" ही ओळ बहुधा असते. न भोगलेले दिवस मात्र कापू नयेत, इथे तुमचा मुद्दा रास्त.

मी केंद्र सरकारच्या कचेरीत होतो. आमच्या १९७२ च्या रजा नियमांत, परत बोलावलं तर माणूस निघाल्या दिवसापासून कामावर धरतात आणि प्रवासभत्ता देतात. ताई, म्हणजे तुम्ही १९ तारीखसुद्धा मागायला हवी होती. तुमच्या साहेबांवर बंधन नाही, पण मागायला काय जातं?

कोथरूडकर
आमचे साहेब मुळात रजा मंजूरच करत नाहीत. दिवाळीचा अर्ज तीनदा परत आलाय. काय लिहू?

भोसरीची खतावणी
दादा, तुमचं दुखणं त्याच्या अलीकडचं आहे. वेगळा धागा काढा, मीही येते तिथे.
@पेन्शनर काका, १९ चं डोक्यातच आलं नाही!

रात्रपाळी
मी नर्स आहे. चार दिवसांच्या रजेवर होते, दुसऱ्या रात्री साडेदहाला फोन, "सिस्टर, या ना, कुणीच नाहीये." हो म्हणून गेले. पगाराच्या स्लिपवर चारही दिवस रजाच. विचारलं तर "तुम्ही स्वतःहून आलात." बोलावणाऱ्या बाई तोवर दुसरीकडे गेल्या होत्या. आता फोन ठेवला की लगेच मेसेज टाकते: "आत्ताच्या फोननुसार उद्या सकाळी सातच्या ड्युटीला येते. उद्यापासूनची रजा रद्द धरावी." ही एक ओळ त्यांच्या अंगठ्यासकट जपून ठेवते.

हिंजवडी फेज ३
मी एकटा परतलो, बायको-मुलं मागाहून आली. माझं तिकीट मिळालं. त्यांचीही नवी तिकिटं काढावी लागली, ती मागितली तर मॅनेजर आठवडाभर नीट बोलला नाही. मागायला नको होती का?

पेन्शनर, सहकारनगर
मी मागितली नसती. बोलावलं तुम्हाला, त्यांना नाही.

रात्रपाळी
अहो, पण ती तिकिटं बदलली कुणामुळे?

भोसरीची खतावणी
मला वाटतं मागावीत, पण निघण्याआधी, त्याच मेलमध्ये. मागाहून मागितलं की बिल चिकटवल्यासारखं दिसतं. आणि हो, १९ तारखेची ओळ आज त्याच मेलखाली लिहून पाठवली. अजून "चालेल" आलेलं नाही.