पायऱ्यांवर कंबर खाली घ्यायची का नाही

फुकटचा_फ्रेम: पायऱ्यांवर कॅरेक्टर तरंगतं म्हणून आठवडाभर फूट आयके करत, म्हणजे पाय जमिनीला टेकवायचं गणित मांडत बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास. दोन्ही पायांच्या ऑफसेटची, म्हणजे पायाखालची जमीन किती वर-खाली आहे त्याची सरासरी पेल्व्हिसला द्या, झालं काम. पायाकडे बघतंय कोण?

गुडघेदुखी: सरासरी हा शब्द वाचला आणि चहा खाली ठेवला. अरे बाबा, सरासरीनेच तर तरंगतं! मांडी ४५ सेंमी, पोटरी ४५, म्हणजे पाय ताणून ताणून ९० होणार. आयडलमध्ये कमरेपासून घोट्यापर्यंत ८८ धर. पायरी १८ ची, कॅरेक्टरचं कोलायडर कॅप्सूल पायऱ्यांवरच्या अदृश्य रॅम्पवर मधोमध उभं, म्हणजे वरचा पाय +९, खालचा −९. तुझी सरासरी आली शून्य, पेल्व्हिस जागचं हललंच नाही, खालच्या पायाला लागतात ९७ आणि आहेत ९०, पाय सात सेंमी वर लटकला आणि गुडघा काठीसारखा ताठ. कमी असेल तोच आकडा घ्यायचा, पाय मग आपापले टेकतात:

```
float drop = Mathf.Min(leftOffset, rightOffset);
animator.bodyPosition += Vector3.up * drop;
```

कंबर ९ ने खाली आली की खालचा पाय परत ८८ वर, वरच्याला उरतात ७०, त्याच्या गुडघ्यात साधारण १०२ अंशांचा कोन होतो. पायरीवर उभा माणूस असाच दिसतो, जिन्यात जाऊन आरशात बघ.

फुकटचा_फ्रेम: एवढं लेक्चर द्यायला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या गेममध्ये कॅमेरा वरून आहे, सात सेंमी दिसतच नाहीत. आणि सपाट उतारावर तर पायऱ्याच नाहीत, तिथे कशाला हे सगळं?

गुडघेदुखी: उतारावर तर जास्त. कॅप्सूलचं बूड गोल असतं, ते उताराला मधोमध टेकत नाही, बाजूने टेकतं. ३० सेंमी त्रिज्या आणि ३० अंशाचा चढ असला तर बरोबर मध्याखाली साडेचार सेंमीच्या वर फट राहते. म्हणून दोन्ही पाय हवेत लटकतात. वरून कॅमेरा असेल तर सावली बघ, बुटापासून सुटलेली दिसेल.

उलटी_पायरी: मिन बरोबर आहे, पण पेल्व्हिस वर कधीच न्यायचं नाही, मी शून्याला क्लॅम्प करतो. दोन वर्षं चाललंय, कधी तक्रार नाही.

गुडघेदुखी: खऱ्या पायऱ्यांवर कॅप्सूल असेल तर चालून जातं. रॅम्प पायऱ्यांच्या मधून गेलेला असेल तर पायरीच्या कडेला दोन्ही पाय +९ येतात, मग क्लॅम्पमुळे माणूस उगाच उकिडवा बसल्यासारखा. तक्रार नाही म्हणजे कुणी कडेला उभं राहिलं नाही.

गडवाला: माझं वेगळंच दुखणं आहे. किल्ल्याचा गेम, पायऱ्या मुद्दाम ओबडधोबड, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. जुन्या ऑफिसात लीडने कॅमेरा हिप्स बोनला अडकवायला लावला होता, तीच सवय घरी आणली. मिन लावल्यावर चढताना दर पावलाला कॅमेरा धपाधप खाली वर, भावाला खेळायला दिलं तर दहा मिनिटांत मळमळायला लागलं. तीन दिवस कोलायडर तपासत बसलो, दोष कॅमेऱ्याचा निघाला.

उलटी_पायरी: कॅमेरा बोनला अडकवणारे लीड सगळीकडे सारखेच असतात. आमच्याकडे तर डोक्याला अडकवला होता.

गडवाला: आणि तटाच्या कडेला उभं राहिलं की कॅरेक्टर जमिनीत जायचं! जमीन शोधायला एका पायातून सोडलेला रे खाली खंदकात लागायचा, मिन म्हणजे उणे तीन मीटर, गेली कंबर तळाला. आता ५० सेंमीपेक्षा खोल लागलं तर त्या पायाचा ऑफसेट शून्य धरतो. पाय हवेत राहतो, पण तटावरून पाय बाहेर काढला तर राहणारच की.

फुकटचा_फ्रेम: बघा, शेवटी हवेतच!

गुडघेदुखी: खाली जमीन नसताना हवेत असणं आणि जमीन असताना हवेत असणं यात फरक आहे साहेब.

फुकटचा_फ्रेम: बरं, केला बदल. टेकले पाय. पण चढताना आता कंबर दर पायरीला गचका देते, सरासरीत निदान हे तरी नव्हतं.

गुडघेदुखी: स्मूथिंग लाव, खाली जाताना जलद, वर येताना संथ. खाली जातानाच संथ ठेवलंस तर उतरताना तेवढा वेळ पाय परत तरंगणार.

गडवाला: आणि धावताना? उचललेल्या पायाचा रेसुद्धा पुढच्या पायरीला लागतो, मग माझा मावळा गुडघे छातीला लावत चढतो. मी वेग वाढला की आयके बंदच करतो.

उलटी_पायरी: बंद केलं तर मग धावताना तरंगेल ना?

गडवाला: तरंगतो. धूळ उडवतो पायाखाली.